टॅटू हील होतोय की बिघडतोय: फोटोवरून ठरवताना या चुका टाळा

माझ्याकडे टॅटू काढून गेलेल्या लोकांचे फोटो रोज येतात, आणि बऱ्याचदा तो एकच फोटो असतो, इतका जवळून काढलेला की हात आहे का पाय तेही कळत नाही, आणि खाली मेसेज, "इन्फेक्शन झालंय का?" आता त्या एका फोटोवरून खरंच काही सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी टॅटूभोवती लाली असणं अगदी नॉर्मल, आणि तेवढीच लाली सहाव्या दिवशी दिसली तर मात्र विचार करायला लागतो. म्हणजे लाली किती आहे यापेक्षा ती कालच्यापेक्षा कमी झालीय का वाढलीय हे बघायचं असतं, आणि त्यासाठी ओळीने काढलेले फोटो लागतात.

रोज वेगळ्या उजेडात फोटो काढणं

ही सगळ्यात कॉमन चूक. सकाळी खिडकीपाशी काढलेला फोटो आणि रात्री पिवळ्या बल्बखाली काढलेला फोटो शेजारी ठेवले की रात्रीचा नेहमीच जास्त लाल दिसतो, आणि माणूस घाबरतो. फोन स्वतःच रंग आणि उजेड ॲडजस्ट करतो ना, त्याचाही त्रास आहे. काळं शेडिंग जास्त असलेल्या टॅटूचा क्लोजअप घेतला की फोनला फ्रेम अंधारी वाटते, तो उजेड वाढवतो, मग आजूबाजूची त्वचा पांढरट होते आणि खरी लाली फोटोतून गायबच होते. म्हणजे चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते, उगाच घाबरणंही आणि उगाच निश्चिंत राहणंही.

सोपा उपाय म्हणजे रोज साधारण त्याच वेळी, त्याच खिडकीपाशी, फ्लॅश आणि ब्युटी मोड बंद करून फोटो काढायचा, आणि शेजारी एक पांढरा कागद फ्रेममध्ये येईल असा धरायचा. कागद पिवळा दिसला तर त्वचेचा रंगही खरा नाही हे लगेच कळतं. धुतल्या धुतल्या काढू नका, कारण पाण्याने आणि टिपण्यानेच त्वचा थोडा वेळ लाल होते, पंधरा-वीस मिनिटं थांबा. आणि क्रीम लावायच्या आधी काढा, क्रीमची चमक फोटोत ओलसर जखमेसारखी दिसते.

दोन फोटो हवेत, एक जवळून आणि एक हातभर लांबून. लांबूनचा लोक पाठवतच नाहीत, खरं तर लाली कुठपर्यंत गेलीय आणि तिचा आकार कसा आहे हे त्यातच दिसतं.

पापुद्रे निघताना शाई चालली असं समजणं

पहिले दोन-तीन दिवस लाली, थोडी सूज, हात लावला तर गरम लागणं आणि पातळ पाण्यासारखा द्रव येणं, हे असणारच. साधारण चौथ्या ते सातव्या दिवसात पापुद्रे सुटायला लागतात आणि खाज येते. पापुद्र्याला रंग असतो, काळ्या टॅटूचा काळा, त्यामुळे क्लोजअपमध्ये बघून वाटतं डिझाईनच सोलून निघतंय. पण तो वरचा मेलेला थर असतो, टिकणारी शाई त्याच्या खालच्या थरात असते. तो ओढून काढला तर मात्र खरंच शाई जाऊ शकते. त्यानंतर काही आठवडे टॅटू धुरकट, चमकदार, जरा दुधाळ दिसतो, त्यालाही लोक रंग उडाला म्हणतात, पण नवीन त्वचा पूर्ण तयार होत आली की तो साफ होत जातो.

दिवस मोजून स्टेज ठरवू नका एवढंच सांगेन. बारीक लायनिंग लवकर सुकतं, भरगच्च शेडिंग मागे राहतं, एकाच टॅटूत दोन स्टेज दिसू शकतात.

फक्त क्लोजअप बघून इन्फेक्शन ठरवणं

एक केस सांगते. एका मुलीच्या हाताच्या आतल्या बाजूला पानांची वेल होती, वर चिकटणारी पारदर्शक फिल्म लावलेली. पहिल्या दिवसाच्या फोटोत फिल्मखाली काळपट तपकिरी पाणी साचलेलं, तिला वाटलं पू झाला. तो शाई मिसळलेला द्रव होता, पू दाट आणि पिवळा-हिरवट असतो. तिसऱ्या दिवशी फिल्म काढली आणि चौथ्या दिवशी क्लोजअप आला, सगळं लाल, वर बारीक पुरळ, प्रचंड खाज. नुसता तो फोटो बघून कोणीही इन्फेक्शन म्हणालं असतं.

लांबूनचा फोटो मागवला तर चित्रच वेगळं. लालीची कड सरळ होती, कोपरे चौकोनी, बरोब्बर फिल्मच्या आकाराची, आणि वेलीच्या रेषांवर मात्र काहीच नव्हतं, तिथे छान बारीक पापुद्रे सुटत होते. इन्फेक्शन काही पट्टी धरून सरळ रेषेत पसरत नाही, ही फिल्मच्या गोंदाची रिॲक्शन होती. तिला सांगितलं की परत फिल्म लावू नको, वास नसलेल्या सौम्य साबणाने धू, आणि लालीच्या कडेबाहेर चांगल्या त्वचेवर बॉलपेनने ठिपके काढून ठेव. पाचव्या दिवशीच्या फोटोत लाली ठिपक्यांच्या आत सरकलेली, सहाव्या दिवशी फिकट होऊन कोरडी पडलेली. ठिपक्यांच्या बाहेर गेली असती किंवा पाण्याचे फोड आले असते तर मी तिला त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवलं असतं.

लालीचा आकार असाच बघायचा असतो. केसांच्या मुळाशी सुटे सुटे पुरळ असतील तर बऱ्याचदा क्रीमचा जाड थर लावलेला असतो. फक्त लाल शाईचाच भाग फुगून खाजत असेल आणि बाकी टॅटू शांत असेल तर शाईची ॲलर्जी असू शकते, आणि ती कधीकधी टॅटू भरून आल्यावर कित्येक महिन्यांनीही येते, तेव्हा डर्मेटॉलॉजिस्टला दाखवा.

सावळ्या त्वचेवर लाल रंगच शोधत बसणं

सावळ्या किंवा गडद त्वचेवर लाली लाल दिसतेच असं नाही, ती जांभळट, तपकिरी किंवा नुसती काळपट दिसते. फोटोत काहीच लाल नाही म्हणून सगळं ठीक, असं धरू नका. तिरप्या उजेडात फोटो काढला की सूज सावलीमुळे दिसते, आणि हाताची उलटी बाजू लावून आजूबाजूच्या त्वचेपेक्षा गरम लागतंय का ते बघा. उष्णता, ठणका आणि वास फोटोत येतच नाहीत, म्हणून रोजच्या फोटोसोबत एक ओळ लिहून ठेवा, कालपेक्षा दुखणं कमी का जास्त.

दुखणं कमी व्हायचं सोडून वाढतंय, लाली पसरतेय, पू किंवा घाण वास येतोय, लाल रेघा वर चढतायत किंवा ताप आलाय, तर पुढच्या फोटोची वाट बघू नका, टॅटू आर्टिस्टला विचारत बसू नका, सरळ डॉक्टरकडे जा. जाताना सगळे फोटो तारखेने, क्रॉप न करता दाखवा. आणि घरात पडलेली कुठलीतरी स्टिरॉइडची ट्यूब आधी लावून जाऊ नका, तिने लाली दबते, आतलं इन्फेक्शन मात्र तसंच राहतं, मग तुमच्या फोटोंवरून डॉक्टरांनाही खरी परिस्थिती कळत नाही.