स्लाइडवरून प्रश्नोत्तरे तयार करताना या चुका टाळा: वॉरफरिनच्या एका व्याख्यानाचे उदाहरण

एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाची मुले परीक्षेच्या आधी फार्माकॉलॉजीच्या स्लाइड समोर ठेवून प्रश्नोत्तरांची वही तयार करतात. अशा बऱ्याच वह्या माझ्याकडे तपासायला येतात आणि त्यांतल्या चुका बहुतेक ठरलेल्या असतात. रक्ताची गुठळी रोखणाऱ्या औषधांच्या व्याख्यानात त्या सर्वांत ठळक दिसतात, म्हणून तेच उदाहरण घेतो.

पहिली चूक प्रश्न लिहिण्याच्याही आधी, म्हणजे मजकूर स्लाइडमधून बाहेर काढताना होते. अनेक जण पॉवरपॉइंटच्या आउटलाइन व्ह्यूमधून सगळा मजकूर एकदम उचलतात. त्या दृश्यात केवळ शीर्षकाच्या आणि मुख्य मजकुराच्या ठरलेल्या चौकटींतले शब्द येतात. शिक्षकांनी वेगळी टेक्स्ट बॉक्स टाकून लिहिलेली टीप, आकृतीतली नावे आणि चित्र म्हणून चिकटवलेला तक्ता तिथे दिसतच नाही. त्याहून फसवी गोष्ट बाणांची आहे. जुन्या स्लाइडमध्ये बाण आणि ग्रीक अक्षरे सिम्बॉल किंवा विंगडिंग्ज या फाँटमधून घेतलेली असतात आणि साध्या मजकुरात उतरवली की त्यांची भलतीच चिन्हे होतात. मूळ स्लाइडवर असे असते:

```
Rifampicin → ↓ INR
Fluconazole → ↑ INR
```

आणि वहीत उतरते ते असे:

```
Rifampicin à ¯ INR
Fluconazole à INR
```

खाली जाणाऱ्या बाणाची निदान आडवी रेघ तरी उरते, वर जाणारा बाण मात्र पुसल्यासारखा नाहीसा होतो, कारण सिम्बॉल फाँटमधली त्याची जागा साध्या मजकुरात न दिसणाऱ्या संयोगचिन्हाची असते. मग विद्यार्थी अंदाजाने बाण भरतो आणि फ्लुकोनाझोल वॉरफरिनचा परिणाम वाढवते की घटवते, हेच उलटे पाठ होते. याच फाँटमधला µ साध्या मजकुरात m होतो. डिगॉक्सिनच्या व्याख्यानात 250 µg चे 250 mg झालेले मी पाहिले आहे, म्हणजे मात्रा हजारपट. म्हणून मजकूर उतरवल्यावर वहीत à हे अक्षर शोधावे. ते सापडले, तर त्या स्लाइडवरचा प्रत्येक बाण आणि प्रत्येक एकक मूळ पडद्याशी ताडून पाहावे. स्लाइडखालच्या नोट्सही उघडून पाहाव्यात, कारण शिक्षकांनी वर्गात सांगितलेले कारण पुष्कळदा तिथेच लिहिलेले असते.

दुसरी चूक सर्वांत महागात पडणारी आहे. एक स्लाइड म्हणजे एक प्रश्न असे धरून शीर्षकाला प्रश्नचिन्ह जोडायचे आणि खालचे मुद्दे उत्तर म्हणून जसेच्या तसे उतरवायचे. वॉरफरिनची नेहमीची स्लाइड अशी असते:

```
Warfarin
- VKOR inhibitor
- II, VII, IX, X, Protein C & S
- Onset 4-5 days
- Overlap with heparin
- INR 2-3
```

यावरून «वॉरफरिनविषयी माहिती लिहा» असा प्रश्न केला, तर उत्तरात पाच सुटे तुकडे येतात. स्लाइडवर तुकडेच असतात आणि त्यांना जोडणारे «म्हणून» शिक्षक तोंडाने सांगतात. प्रश्न त्या «म्हणून»वर काढायला हवा. वरच्या पाच ओळींतून मी पुढील क्रमाने प्रश्न काढतो.

पहिला प्रश्न: वॉरफरिन आज सुरू केले, तर त्याचा खरा परिणाम दिसायला चार-पाच दिवस का लागतात? उत्तर: वॉरफरिन व्हिटॅमिन के पुन्हा वापरात आणणारे एन्झाइम अडवते, त्यामुळे यकृतात नवे कार्यक्षम घटक तयार होत नाहीत. रक्तात आधीच फिरत असलेल्या घटकांना मात्र ते हात लावत नाही. ते आपापल्या गतीने संपावे लागतात. सातव्या घटकाचे अर्धायुष्य सुमारे 6 तास आहे, तर दुसऱ्याचे, म्हणजे प्रोथ्रॉम्बिनचे, सुमारे 60 तास.

दुसरा प्रश्न: पायाच्या खोल शिरेत गुठळी झालेल्या रुग्णाला हेपॅरिन आणि वॉरफरिन एकाच दिवशी सुरू केले, तिसऱ्या दिवशी आयएनआर 2.3 आला, आता हेपॅरिन बंद करावे का? उत्तर: नाही. इतक्या लवकर वाढलेला आयएनआर मुख्यतः सातवा घटक घटल्याचे सांगतो, प्रोथ्रॉम्बिन अजून पुरेसे शिल्लक असते. दोन्ही औषधे किमान 5 दिवस एकत्र द्यायची आणि आयएनआर 24 तास 2 किंवा त्याहून अधिक टिकल्यावरच हेपॅरिन थांबवायचे.

तिसरा प्रश्न: याच रुग्णाला हेपॅरिन न देता फक्त वॉरफरिन दिले, तर पहिल्या काही दिवसांत गुठळीचा धोका उलट का वाढू शकतो? उत्तर: गुठळीला आळा घालणाऱ्या प्रोटीन सीचे अर्धायुष्यही सुमारे 8 तासच आहे. त्यामुळे प्रोथ्रॉम्बिन घटण्याआधीच हे संरक्षण कमी होते, आणि क्वचित त्वचेचा भाग मृत होण्याचा प्रकारही यातूनच घडतो.

शेवटच्या ओळीवर मात्र छोटासा प्रश्न पुरे. फक्त त्यात रुग्ण कोण ते लिहायला हवे, कारण 2 ते 3 हे लक्ष्य शिरेतल्या गुठळीसाठी ठीक आहे, पण कृत्रिम धातूची मायट्रल झडप बसवलेल्या रुग्णात ते 2.5 ते 3.5 असते. स्लाइडवरचा आकडा रुग्णाशिवाय उचलला की अर्धवट राहतो.

तिसरी चूक तुलनेच्या तक्त्याची. हेपॅरिन आणि वॉरफरिन यांतला फरक दहा ओळींत मांडलेला असतो आणि वहीत प्रश्न एकच पडतो, «फरक स्पष्ट करा». लेखी परीक्षेत तो येतोही, त्यामुळे तो काढू नका असे मी म्हणणार नाही. पण तोंडी परीक्षेत एकेका ओळीवर अडवले जाते. उतारा या ओळीत एका बाजूला प्रोटामिन आणि दुसऱ्या बाजूला व्हिटॅमिन के असे लिहिलेले असते आणि दोन्ही सारखेच चालतात असा समज होतो. त्या ओळीवरचा प्रश्न असा हवा: वॉरफरिन घेणाऱ्या रुग्णाला मेंदूत रक्तस्राव झाला, तर शिरेतून एकटे व्हिटॅमिन के का पुरत नाही? प्रोटामिन हेपॅरिनशी थेट बांधले जाते, म्हणून मिनिटांत काम करते. व्हिटॅमिन के दिल्यावर यकृताला नवे घटक बनवावे लागतात आणि त्यात तास जातात, म्हणून त्याच्या जोडीने तयार घटक, म्हणजे प्रोथ्रॉम्बिन कॉम्प्लेक्स कॉन्सन्ट्रेट किंवा ते नसल्यास फ्रेश फ्रोझन प्लाझ्मा, द्यावा लागतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ज्याला नीट समजले आहे, त्याला हे वेगळे पाठ करावे लागत नाही.

प्रश्न नीट जमला की नाही, हे वही लिहिणाऱ्याला स्वतःला कळत नाही, कारण त्याच्या डोळ्यांपुढे स्लाइड असते. म्हणून उत्तरे झाकून, व्याख्यानाला हजर असलेल्या मित्राला प्रश्न वाचून दाखवावा. त्याने वेगळे, पण बरोबर उत्तर दिले, तर दोष प्रश्नात आहे. «वॉरफरिन कोणासोबत देऊ नये?» याला कोणी औषधांची नावे सांगेल, कोणी गर्भारपण सांगेल. «क्षयरोगासाठी रिफाम्पिसिन सुरू केले, तर वॉरफरिनच्या मात्रेचे काय करावे लागेल आणि रिफाम्पिसिन थांबवल्यावर काय?» असे विचारले की उत्तर एकाच दिशेने जाते: एन्झाइम वाढल्यामुळे मात्रा वाढवावी लागते, आणि रिफाम्पिसिन थांबल्यावर तीच वाढीव मात्रा दोन-तीन आठवड्यांत रक्तस्रावाला कारण ठरू शकते, म्हणून आयएनआर वारंवार पाहत ती उतरवत आणावी लागते. प्रत्येक प्रश्नाशेजारी स्लाइडचा क्रमांक आणि व्याख्यानाची तारीख लिहून ठेवावी. शिक्षक पुढच्या सत्रात स्लाइड बदलतात, तेव्हा कोणती उत्तरे पुन्हा तपासायची ते त्यावरूनच सापडते.