निपाणीकडच्या बोटांनी शिकवलेला आरए

ओपीडीत नव्यानं बसायला लागलेल्यांसाठी हे लिहितोय. माझी इंटर्नशिप बेळगावात झाली. आमच्याकडे खानापूर, निपाणी, चिकोडी, गोकाक असे चारी बाजूंनी पेशंट यायचे, काही मराठी बोलणारे, काही कन्नड. तक्रार मात्र दोन्ही भाषांत एकाच शब्दात, 'संधिवात'. गुडघा झिजलेली आजी तेच म्हणते आणि बोटं सुजलेली तिची सून तेच म्हणते. आजीचा असतो ओए म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस, सुनेचा बहुतेकदा आरए म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. म्हणून केसपेपरवर हा शब्द उतरवायचा नाही असं मी ठरवलं, पण ते उशिरा. आधी चूक झाली.

निपाणीजवळच्या खेड्यातून एक बाई आल्या. वय 41, वीस वर्षं बिडी वळतात. तीन महिने दोन्ही हात दुखताहेत. सोबत रिपोर्ट, आरए फॅक्टर निगेटिव्ह. हाताचा एक्स-रे नॉर्मल. मी म्हटलं, दिवसभर सूप मांडीवर घेऊन बोटं चालवणाऱ्या बाईची बोटं दुखणारच, कामाची झीज आहे. पेनकिलर लिहिली आणि ओए असं टाकून कागद सरांकडे सरकवला.

सरांनी रिपोर्टकडे बघितलंच नाही. बाईंचा हात हातात घेतला आणि मला विचारलं, "कुठला सांधा?" मी म्हटलं, बोटं. ते म्हणाले, "बोट हा सांधा नाही."

खरी गोष्ट इथून सुरू होते. एका बोटात तीन सांधे असतात. नखाजवळचा टोकाचा म्हणजे डीआयपी, मधला पीआयपी आणि बोट तळहाताला जुळतं तिथला एमसीपी. ओए टोकाचा सांधा धरतं, मधलाही धरतं आणि अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाजवळ बसतं. एमसीपीला ते सहसा जात नाही. आरएचं उलट आहे. एमसीपी, पीआयपी, मनगट आणि पायात बोटांच्या मुळाशी, तेही बहुतेक दोन्हीकडे. टोकाचे सांधे ते सोडून देतं. या बाईंची टोकं स्वच्छ होती. दोन्ही हातांच्या तर्जनी आणि मधल्या बोटाचे एमसीपी फुगलेले, दोन्ही मनगटं, आणि दोन पीआयपी. एकूण आठ सांधे. मूठ वळल्यावर एमसीपीच्या उंचवट्यांमध्ये जी खोलगट जागा दिसते ती भरून गेली होती. सरांनी माझा अंगठा त्यावर ठेवला. सूज मऊ होती, भिजवलेल्या कणकेसारखी. ओएची गाठ हाडाची असते आणि दाबली तर दगडासारखी लागते. हा फरक अंगठ्यानंच शिकावा लागतो.

मग ताठरपणाचा प्रश्न. मी विचारलं होतं, "सकाळी किती वेळ आखडतं?" उत्तर आलं होतं, "दिवसभर." दुखणं आणि आखडणं पेशंटच्या तोंडी एकच असतं, त्यामुळे असा प्रश्न फुकट जातो. सरांनी वेगळं विचारलं.

"अक्का, उठता कधी?"

"साडेपाचला."

"चुलीवरचं पातेलं तुम्हीच उतरवता?"

"न्हाई वो, मुलगी उतरवते. माझी बोटं वळत न्हाईत तवा."

"आणि पान कापायला कधी बसता?"

"पूर्वी सहाला बसायची. आता आठ वाजतात बघा, तवर कात्री धरवत न्हाई."

म्हणजे अडीच तास. ओएमध्येही सकाळी आखडतं, बसून उठल्यावरही आखडतं, पण चार पावलं टाकली की सुटतं. अर्ध्या तासाच्या वर सहसा जात नाही, आणि खरा त्रास वापरानं, संध्याकाळी वाढतो. आरएत ताठरपणा तासाच्या वर जातो आणि हालचालीनं उलट बरं वाटतं. या बाई म्हणाल्या, दुपारी हात मोकळे असतात, तेव्हाच जास्त बिड्या होतात. झीज असती तर दुपारनंतर बिड्या कमी झाल्या असत्या. कन्नड पेशंटला 'मुंजाने' म्हणजे सकाळी आणि 'बिगी' म्हणजे आखडलेलं, हे दोन शब्द वापरून विचारा, पण वेळ मोजायला घड्याळ नको, काम धरा.

असं का होतं ते कळलं की पाठांतर करावं लागत नाही. आरएचं घर सांध्याच्या आतल्या अस्तरात, सायनोव्हियममध्ये आहे. शरीरातल्या काही प्रथिनांत थोडा बदल होतो, त्याला सिट्रुलिनेशन म्हणतात, आणि प्रतिकारशक्ती त्या बदललेल्या प्रथिनांनाच परकं समजते. अस्तर सुजतं, जाड होतं आणि कडेनं हाड कुरतडायला लागतं. आयएल-6 सारखी दाह वाढवणारी द्रव्यं पहाटेच्या सुमारास जास्त असतात, आणि रात्रभर सांधा न हलल्यानं सूज तिथेच साचते. म्हणून सकाळ वाईट. ओएची सुरुवात कूर्चा आणि तिच्याखालच्या हाडाकडे आहे. कूर्चेच्या पेशीच तिचं जाळं तोडणारी एन्झाइम्स जास्त बनवतात आणि हाड कडेला नवं हाड उभारतं, तीच ती दगडी गाठ. तिथे भार पडला की दुखतं. (बिडी ओढण्याचा आरएशी संबंध पक्का आहे. बिडी वळण्याचा मी लावला होता, आणि तोही उलट्या रोगाशी.)

आता रिपोर्ट. आरए फॅक्टर हे आपल्याच आयजीजीविरुद्धचं अँटीबॉडी. आरएच्या दहापैकी दोन-तीन पेशंटमध्ये ते सापडत नाही. उलट टीबी, कुष्ठरोग, हिपॅटायटिस सी यांत ते पॉझिटिव्ह येऊ शकतं आणि निरोगी म्हाताऱ्यांतही येतं. त्याच आठवड्यात नखाजवळ गाठी असलेली एक आजी, फॅक्टर जरासा पॉझिटिव्ह म्हणून महिनाभर स्टेरॉईड खाऊन आमच्याकडे आली होती. तिला होतं ओएच.

बाईंचा ईएसआर 58 आला आणि सीआरपीही वाढलेला. 2010 च्या एसीआर-युलार निकषांत दहापैकी सहा गुण लागतात. चार ते दहा लहान सांध्यांचे 3, सहा आठवड्यांच्या वर त्रास म्हणून 1, ईएसआर-सीआरपीचा 1, रक्तातल्या अँटीबॉडीचा शून्य. बेरीज 5. म्हणजे कागदावर बाई नापास. सरांनी अँटी-सीसीपी पाठवायला सांगितलं. हे त्या बदललेल्या प्रथिनांविरुद्धचंच अँटीबॉडी, आणि ते पॉझिटिव्ह आलं तर आरए फॅक्टरपेक्षा पुष्कळ जास्त भरवशाचं. उत्तर 186 आलं, लॅबची मर्यादा 20. मर्यादेच्या तिप्पटीवर गेलं की 3 गुण. एकूण 8.

हे निकष मुळात संशोधनात पेशंट निवडण्यासाठी आहेत. गुण मोजण्याआधी सूज दुसऱ्या कशानं आली नाही ना, हे बघायला लागतं. आपल्या भागात चिकनगुनियानंतरचा सांधेदाह हुबेहूब असा दिसतो, म्हणून तापाचा प्रश्न चुकवू नका. बाईंना ताप आला नव्हता, घरात कुणालाच नव्हता. आणि नॉर्मल एक्स-रेवर मी जो विसंबलो ते चूकच होतं. हाड कुरतडलेलं फिल्मवर दिसायला बहुतेकदा महिने जातात.

औषध सुरू करण्याआधी सीबीसी, लिव्हर, किडनी, हिपॅटायटिस बी-सी झालं. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा, फॉलिक अ‍ॅसिड वेगळ्या दिवशी. ही गोळी चुकून रोज घेतली तर रक्तपेशी कोसळतात, म्हणून चिठ्ठीवर नुसतं 'आठवड्यातून एकदा' न लिहिता त्यांच्या गावच्या बाजाराचा वार लिहिला आणि मुलीकडून तो वाचून घेतला.

तीन महिन्यांनी त्या आल्या तेव्हा मी आधी पातेल्याचं विचारलं. पातेलं उतरवतात, पान कापायला सातला बसतात. उजव्या मधल्या बोटाचा एमसीपी मात्र अजून मऊ लागत होता, म्हणून सरांनी डोस 15 वरून 20 मिलिग्रॅम केला आणि सीबीसी चार आठवड्यांनी पुन्हा करायला सांगितलं.