ऑफलाइन चालणारं अ‍ॅप बनवताय? या चुका टाळा

जळगावात बसून मी गेली काही वर्षं व्यापारी, दूध डेअऱ्या, खतवाले अशा लोकांसाठी अ‍ॅप बनवतो आणि दुसऱ्यांनी बनवलेली दुरुस्तही करतो. दुरुस्तीचं काम जास्त येतं. त्यातली निम्मी तक्रार एकच असते: "रेंज नसताना एंट्री केली, रेंज आल्यावर घोळ झाला." कोड उघडला की आत काय सापडणार, हे मला आता आधीच माहीत असतं.

सगळ्यात मोठी चूक सांगतो आणि तीच सविस्तर सांगतो, कारण तिच्यापायी माझे तीन रविवार गेले आहेत.

चोपडा तालुक्यातला एक केळीचा व्यापारी. सातपुड्याच्या पायथ्याला बागा, तिथे रेंज येते नि जाते. कटाई चालू असताना बागेतच काटा लावतात. प्रत्येक काट्याचं वजन मुकादम मोबाइलमध्ये टाकतो आणि शिवाय कागदावरही लिहितो. कागदावर लिहायची सवय त्याने सोडली नव्हती म्हणूनच सगळं उघडकीला आलं. त्या दिवशी एका शेतकऱ्याचे ३१ काटे झाले, कागदावर बेरीज ६१ क्विंटल ४० किलो. ऑफिसातल्या संगणकावर मात्र ३५ काटे आणि ६९ क्विंटल २० किलो. चार काटे दोनदा चढले होते: १९८, २०४, १९१ आणि १८७ किलो. मिळून ७८० किलो. १५०० रुपये भावाने ११,७०० रुपयांचा फरक. व्यापाऱ्याने फोन करून एवढंच विचारलं, "भाऊ, हाई काय शे?"

झालं होतं ते असं. मोबाइलने काटा सर्व्हरकडे पाठवला. सर्व्हरने तो लिहूनही घेतला. पण "मिळालं" हे उत्तर परत येईपर्यंत रेंज गेली. अँड्रॉइडवर सर्व्हरशी बोलायला बरेच जण ओके-एचटीटीपी ही लायब्ररी वापरतात, त्यात उत्तराची वाट पाहायची मुदत आपण काही न सांगितल्यास १० सेकंद असते. १० सेकंद संपले, अ‍ॅपला वाटलं एंट्री गेलीच नाही, रेंज आल्यावर त्याने पुन्हा पाठवली. सर्व्हरच्या दृष्टीने हा नवा काटा. त्याने नवा नंबर देऊन तोही लिहिला.

इथे नवशिक्यांची समजूत चुकते. त्यांना वाटतं, पाठवलेलं एकतर पोहोचतं नाहीतर पोहोचत नाही. तिसरी शक्यताही असते: पोहोचलं, पण आपल्याला कळलं नाही. दूरच्या बागेत ही तिसरी शक्यता रोज घडते. मोबाइलच्या बाजूने दुसरी आणि तिसरी अगदी सारख्या दिसतात, त्यामुळे पुन्हा पाठवण्यावाचून इलाज नाही. म्हणजे पुन्हा आलेलं ओळखायचं काम सर्व्हरचं.

माझ्याआधी हे अ‍ॅप बनवणाऱ्या पोराने ते ओळखायची व्यवस्था केलीही होती, आणि तीच जास्त महागात पडली. पहिली तक्रार आल्यावर त्याने सर्व्हरवर नियम टाकला: त्याच शेतकऱ्याचं तेवढंच वजन पाच मिनिटांत पुन्हा आलं, तर ते सोडून द्या. संध्याकाळपर्यंत काम झालं, सगळे खूश. पुढच्या आठवड्यात एका बागेत लागोपाठ दोन काटे खरोखरच १९८ किलोचे भरले. दुसरा गायब. आता शेतकऱ्याचं नुकसान, आणि दोनदा चढलेल्या नोंदीपेक्षा हरवलेली नोंद शोधणं कितीतरी कठीण, कारण ती कुठेच नसते. अंदाजाने नक्कल ओळखायचा शॉर्टकट कुणी सुचवला की मी हल्ली चिडतोच.

खरा उपाय साधा आहे. नोंदीचा नंबर सर्व्हरने द्यायचा नाही, मोबाइलने द्यायचा. मुकादमाने "जतन करा" दाबलं त्या क्षणी यूयूआयडी, म्हणजे दुसऱ्या कुठल्याही नोंदीशी न जुळणारा लांबलचक नंबर, तयार करायचा, नोंदीसोबत मोबाइलच्या डेटाबेसमध्ये लिहायचा, आणि ती नोंद दहा वेळा पाठवावी लागली तरी तोच नंबर पाठवायचा. सर्व्हरवर पोस्टग्रेस असेल तर एवढं पुरतं:

```sql
INSERT INTO kata (id, farmer_id, gram)
VALUES ($1, $2, $3)
ON CONFLICT (id) DO NOTHING;
```

`id` ही प्रायमरी की किंवा निदान युनिक हवी, नाहीतर ही ओळ चालणारच नाही. वजन मी ग्रॅममध्ये पूर्णांक म्हणून ठेवतो. दशांशाच्या बेरजेवरून व्यापाऱ्याशी वाद घालायची मला हौस नाही.

यातही लोक दोन ठिकाणी घसरतात. एक, यूयूआयडी पाठवणाऱ्या फंक्शनमध्ये बनवतात. मग प्रत्येक प्रयत्नाला नवा नंबर, म्हणजे मूळ दुखणं जसंच्या तसं. हे मी एकदा नाही, तीनदा पाहिलं आहे, आणि प्रत्येक वेळी समोरचा शपथेवर सांगत होता की "यूयूआयडी लावलाय सर". दोन, सर्व्हर दुसऱ्या वेळी "ही नोंद आधीच आहे" म्हणून चूक कळवतो. मोबाइल त्याला अपयश समजतो आणि बिचारा रात्रभर तीच नोंद पाठवत राहतो. आधीच असलेली नोंद पुन्हा आली तर सर्व्हरने पहिल्यासारखंच "मिळालं" म्हणायचं. मोबाइलला तेवढंच ऐकायचं असतं.

मोबाइलच्या बाजूला माझी सवय अशी: काट्याचं एक टेबल आणि "पाठवायचं बाकी" असं दुसरं टेबल. दोन्हींत लिहिणं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये. वेगवेगळं लिहिलं आणि मधेच अ‍ॅप बंद पडलं, तर काटा मोबाइलवर दिसतो पण कधीच निघत नाही. सर्व्हरचं "मिळालं" आलं की मगच "पाठवायचं बाकी" टेबलातली ओळ काढायची, आधी नाही. एखादी नोंद सर्व्हरला मुळातच मान्य नसेल, समजा शेतकऱ्याचं खातंच नाही, तर ती बाजूला काढून पडद्यावर लाल दाखवायची. नाहीतर ती रांगेच्या तोंडाशी अडून बसते आणि मागचे सगळे काटे अडकतात.

दुसरी चूक याच व्यापाऱ्याकडची, पण पैशातली. शेतकऱ्यांना आगाऊ उचल दिली जाते. अ‍ॅप "बाकी" हा आकडा ठेवायचं आणि सिंक करताना तोच आकडा पाठवायचं. एका शेतकऱ्याची उचल ५०,००० होती. बागेवरच्या माणसाने ऑफलाइन असताना ५,००० आणखी दिले, त्याच्या मोबाइलवर बाकी ५५,०००. त्याच दुपारी ऑफिसात त्या शेतकऱ्याच्या मालातून १२,००० वळते केले, तिथे बाकी ३८,०००. बागेवरचा मोबाइल संध्याकाळी रेंजमध्ये आला, त्याचा बदल शेवटचा ठरला, आणि सर्व्हरवर ५५,००० झाले. खरी बाकी ४३,०००. वळते केलेले १२,००० कुणी चोरले नाहीत, फक्त पुसले गेले.

आपले आजोबा खतावणीत बाकी खोडून नवीन लिहीत नव्हते, जमा आणि नावे ओळी लिहीत होते. तेच करा. "५,००० दिले" ही एक ओळ, "१२,००० वळते" ही दुसरी, प्रत्येकीला स्वतःचा यूयूआयडी, आणि बाकी म्हणजे त्यांची बेरीज. ओळी कुठल्याही क्रमाने आल्या तरी बेरीज ४३,०००च येते. चुकलेली ओळ खोडायची नाही, उलट रकमेची ओळ टाकायची. मग "कुणाचा बदल शेवटचा" हा प्रश्नच पैशाच्या बाबतीत उरत नाही.

शेतकऱ्याचा पत्ता, फोन अशा गोष्टींना हा खतावणीचा नियम लावायची गरज नाही, तिथे शेवटचा बदल जिंकला तरी चालतं. पण "शेवटचा" कोणता हे मोबाइलच्या घड्याळावरून ठरवू नका. एका मुकादमाच्या फोनची तारीख दोन दिवस पुढे होती, आणि दोन दिवस त्याचाच पत्ता खरा ठरत होता.

सर्व्हरवरून नवीन काय आलं हे मोबाइलने विचारतानाही वेळ वापरू नका. सर्व्हरने प्रत्येक बदलाला चढता क्रमांक द्यावा आणि मोबाइलने "४१०च्या पुढचं द्या" असं मागावं. यात एक खोच आहे. दोन ट्रान्झॅक्शन एकदम चालू असतील तर ४११ उशिरा पक्का होऊ शकतो आणि ४१२ आधी दिसतो. मोबाइल ४१२ घेऊन पुढे जातो, ४११ कायमचा राहतो. मी दर वेळी थोडं मागून मागतो, शे-दोनशे क्रमांक. तेच पुन्हा आलं तरी यूयूआयडीमुळे बिघडत नाही. पक्की व्यवस्था याहून वेगळी असते, पण एका व्यापाऱ्याच्या पसाऱ्यात एवढ्याने माझं काम भागलं आहे.

बाकीच्या चुका पटापट.

"नेट आहे का" हे तपासून मग पाठवणं. रेंजची दांडी दिसते म्हणून सर्व्हर गाठता येतो असं नाही. सरळ पाठवून पाहा, नाही गेलं तर थांबून पुन्हा, प्रत्येक वेळी थोडं जास्त थांबून.

नोंद थेट डिलीट करणं. दुसऱ्या मोबाइलला ती गेल्याचं कळतच नाही. "रद्द" अशी खूण ठेवा.

अँड्रॉइडच्या रूम या डेटाबेस लायब्ररीत `fallbackToDestructiveMigration()` लिहून मोकळं होणं. टेबल बदलून आवृत्ती वाढवली आणि मायग्रेशन दिलं नाही की हे जुनी टेबलं उडवतं, न पाठवलेल्या काट्यांसकट. लिहिणाऱ्याला बागेवर नेऊन काटे पुन्हा मोजायला लावावेत.

लॉगआउट केल्यावर डेटाबेस पुसणं. आधी "पाठवायचं बाकी" टेबल रिकामं आहे का ते पाहा.

मागे आपोआप कामं चालवणाऱ्या अँड्रॉइडच्या वर्कमॅनेजरवर विसंबून निवांत राहणं. ठरावीक अंतराने चालणारं काम त्यात १५ मिनिटांपेक्षा लवकर चालत नाही, आणि काही फोन बॅटरी वाचवायला तेही अडवतात. मी पडद्याच्या वर कायम "पाठवायचे बाकी: ४" असं दाखवतो आणि शेजारी एक बटण देतो. मुकादम घरी निघण्याआधी तो आकडा शून्य झालेला पाहतो. त्याच्यासाठी तीच सिंक.

आणि चाचणी. "एअरप्लेन मोड लावून पाहिलं, चालतंय" असं मला सांगू नका. एअरप्लेन मोडमध्ये नोंद निघतच नाही, चोपड्यात ती निघून उत्तर हरवलं होतं. मी चाचणीच्या सर्व्हरवर, नोंद पक्की झाल्यानंतर आणि उत्तर देण्याआधी, १५ सेकंद थांबायला लावतो. मोबाइल १० सेकंदांत कंटाळतो आणि पुन्हा पाठवतो. मग सर्व्हरवर ओळी मोजायच्या. पाच काटे टाकले आणि पाचच दिसले तर ठीक. सात दिसले, तर यूयूआयडी कुठे बनतोय ते आधी बघा.