नाशिकमध्ये नव्याने आलेल्यांसाठी: रंगवलेले केस आणि इथले पाणी

मी 2011 साली मुंबईहून नाशिकला आले, तेव्हा माझ्या केसांत कॅरॅमल रंगाचे हायलाइट्स होते आणि तीनच आठवड्यांत ते गाजरासारखे नारिंगी दिसू लागले. मी पार्लरला दोष दिला, मात्र खरा दोष आमच्या सोसायटीच्या बोअरवेलचा होता. गंगापूर धरणाचे पाणी नळाला पुरेसे येत नसेल, तर नव्या वसाहतींत बोअरवेल किंवा टँकरच्या पाण्यावर भागवावे लागते आणि ते बहुधा जड असते. साबणाला फेस न येणे, नळाच्या तोटीवर पांढरा थर साचणे आणि बादलीत तांबूस डाग पडणे, या खुणा घरात दिसल्या तर केसांवरही क्षार व लोह बसत आहेत असे समजावे.

त्यातही मी एक चूक केली. सर्वांनी सुचवलेला जांभळा शाम्पू महिनाभर वापरला आणि त्याचा काहीच उपयोग झाला नाही. जांभळा रंग पिवळेपणा झाकतो. आपले काळे केस ब्लीच केल्यावर मात्र बहुधा नारिंगी टप्प्यावरच थांबतात आणि नारिंगीवर निळाच रंग चालतो. म्हणून दिवसाच्या उजेडात एक बट पांढऱ्या कागदावर धरून पाहावी. ती केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूसारखी फिकट पिवळी दिसली तर जांभळा शाम्पू घ्यावा, नारिंगी दिसली तर निळा.

परंतु क्षारांचा थर तसाच ठेवून निळा शाम्पू लावल्यास तो डागाडागांनी बसतो. त्यामुळे महिन्यातून एकदा आधी क्षार काढणारा, म्हणजे ज्याच्या घटकांत ईडीटीए आहे असा शाम्पू वापरावा आणि त्यानंतर कंडिशनर लावावा, कारण त्याने केस कोरडे होतात. निळा शाम्पू आठवड्यातून एकदाच, दोन-तीन मिनिटे ठेवावा. अधिक वेळ ठेवल्यास फिकट बटा राखाडी, मळकट दिसतात.

एरवी सल्फेटविरहित शाम्पूने, कोमट पाण्याने, आठवड्यातून दोनदा धुणे पुरते. (रोज न्हाण्याची सवय मोडणे मला सर्वांत जड गेले.) रंग लावल्यानंतर पहिले दोन-तीन दिवस केस धुऊ नयेत, आणि शेवटचे पाणी शक्य असल्यास फिल्टरचे घ्यावे, एक तांब्या पुरतो.

शाम्पू केसांवर फक्त रंगाची झाक चढवतो. उडालेला रंग परत आणायचा असेल, तर पार्लरमध्ये ग्लॉस करून घ्यावा लागतो. कमी तीव्रतेच्या डेव्हलपरसह साधारण वीस मिनिटांत होणारा हा उपचार चार ते सहा आठवडे टिकतो. त्याने केसांचा रंग उजळत नाही. तो करण्याच्या दोन दिवस आधी कानामागे थोडा लावून खाज येते का, हे पाहावे, आणि ग्लॉस लावण्यापूर्वी क्षार काढायला पार्लरमध्ये स्वतःहून सांगावे, कारण आपल्या घरी बोअरवेल आहे हे त्यांना ठाऊक नसते.