बुडाखालची हवा आणि माझी चुकलेली चांदी

पितळ, कांसे, चांदी आणि शिसे घरच्या घरी ओळखायला मी शिकत होतो, तेव्हा एका लहान वाटीने मला पूर्ण चकवले. ती वाटी चांदीची असूनही मी ती पितळेची ठरवून बाजूला ठेवली होती. त्या चुकीचे कारण कळायला मला बरेच दिवस लागले, म्हणून येथे तेच विस्ताराने सांगतो.

घनतेची पद्धत आपल्याला माहीत असेलच. वस्तू आधी कोरडी तोलावी. मग पाण्याने भरलेले भांडे तराजूवर ठेवून आकडा शून्यावर आणावा आणि दोऱ्याला बांधलेली वस्तू पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला वा कडेला टेकणार नाही अशी धरावी. आता जितके ग्रॅम दिसतील तितके घनसेंटिमीटर तिचे आकारमान, आणि कोरड्या वजनाला त्याने भागले की घनता मिळते. पितळेची घनता साधारण 8.4 ते 8.7, कांशाची 8.7 ते 8.9, शुद्ध चांदीची 10.5 आणि शिशाची 11.3 असते.

माझ्या वाटीचे कोरडे वजन 157.0 ग्रॅम होते. ती मी सरळ, तोंड वर ठेवून पाण्यात सोडली, तेव्हा तराजूने 18.1 दाखवले. भागाकार 8.67 आला आणि मी वर चांदीचा मुलामा असलेले पितळ, असा निकाल लावून मोकळा झालो. आकडा पितळेच्या मर्यादेत इतका नेमका बसत होता की शंका घ्यावी असे मला वाटलेच नाही. वाटीच्या बुडाखाली मात्र एक गोल कडी होती आणि तिच्या आतल्या खोलगट जागेत जवळजवळ 3 घनसेंटिमीटर हवा अडकली होती. तराजूला हवा आणि धातू यांतला फरक कळत नाही. बाजूला सारलेले सगळे पाणी तो आकारमान म्हणूनच मोजतो. पुढे तीच वाटी मी तिरकी करून, एक कड आधी बुडवून आणि पाण्यातच हलकेच फिरवून सोडली, तेव्हा बुडबुडे वर आले आणि आकडा 15.2 वर स्थिरावला. घनता 10.33 निघाली, म्हणजे थोडे तांबे मिसळलेल्या चांदीची जी असते, तीच.

यावरून एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: अडकलेली हवा घनता नेहमी कमीच दाखवते. म्हणून अपेक्षेपेक्षा कमी आकडा आला, तर वस्तू बाहेर काढून, पुसून, वेगळ्या कोनातून पुन्हा बुडवावी, आणि तीन वेळा तोच आकडा येईपर्यंत मत बनवू नये. गुंडाळलेल्या कडेत किंवा पोकळ मुठीत बंद असलेली हवा मात्र कितीही फिरवले तरी निघत नाही. अशा वस्तूंसाठी ही पद्धत सोडून द्यावी. छोट्या अंगठीसाठी 0.1 ग्रॅमचा तराजूही निरुपयोगी आहे, कारण तिचे आकारमानच अर्ध्या घनसेंटिमीटरच्या आत असू शकते.

10.33 हा आकडा एकटा पुरेसा नाही, कारण शिसे आणि कथील योग्य प्रमाणात मिसळले तरी तेवढीच घनता मिळते. येथे आवाज कामी येतो. वाटी दोऱ्याने टांगून लाकडी काडीने हलके ठोकली, तर चांदी स्वच्छ नाद देते आणि शिशाचे मिश्रण बसका ठोका देऊन गप्प होते. माझी वाटी स्पष्ट वाजली. जास्त कथील असलेले कांसे सर्वांत लांब घुमते, मात्र तडा गेलेले कांसेही बसके वाजते, त्यामुळे आवाज बसका आला की आधी तडा शोधावा.

लोहचुंबकाबद्दल मी कठोर आहे. चुंबक चिकटला नाही म्हणजे चांदी, असे मला शिकवणाऱ्यानेही सांगितले होते, आणि ते साफ चुकीचे आहे. या चारही धातूंना चुंबक चिकटत नाही; चिकटला तर वस्तूत लोखंड किंवा निकेलसारखा धातू आहे, एवढेच कळते. शक्तिशाली निओडिमियम चुंबक चांदीच्या जाड, सपाट, तिरक्या पत्र्यावरून फार हळू घसरतो, कारण उत्तम वाहकात निर्माण होणारे विद्युत्प्रवाह त्याला रोखतात. शिशावरून तो बराच वेगाने जातो. तांबेही त्याला चांदीसारखेच अडवते, पण तांब्याची घनता 8.9 असल्याने घोटाळा होत नाही. पातळ वाटीवर ही परीक्षा करूच नका.

पितळ आणि कांसे घनतेने वेगळे करता आले नाहीत, तर निराश होऊ नये. त्यांच्या मर्यादा एकमेकींना भिडलेल्या आहेत आणि 8.7 आला की मी आजही उत्तर देत नाही. तेथे नाद आणि घासलेल्या लपलेल्या कोपऱ्याचा रंग पाहावा: पितळ पिवळे दिसते, कमी कथिलाचे कांसे तांबूस, जास्त कथिलाचे करडसर. आम्ल लावून झटपट उत्तर मिळवण्याचा मार्ग मला पसंत नाही, कारण जुन्या वस्तूवरचा थर त्याने कायमचा जातो. कागदावर करडी रेघ उमटवणारी जड वस्तू शिशाची असण्याची शक्यता मोठी. ती हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत आणि मोजणीचे भांडे पुन्हा स्वयंपाकात वापरू नये.