या चुका टाळा: ‘फर्नेस घेतली तर ट्रान्सफॉर्मर हवाच’ ही अट असमानतेत मांडताना

शिरोली औद्योगिक वसाहतीतील एखाद्या फौंड्रीपुढे भांडवली खर्चाचे चार प्रस्ताव आहेत, असे समजू. पुढील आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. इंडक्शन फर्नेसला 60 लाख रुपये लागतात आणि तिचे निव्वळ वर्तमान मूल्य 40 लाख आहे. वाळू पुनर्वापर संयंत्राला 30 लाख लागतात, मूल्य 14 लाख. सीएनसी मशीनला 45 लाख लागतात, मूल्य 24 लाख. चौथा प्रस्ताव मोठ्या ट्रान्सफॉर्मरचा आहे. त्याला 20 लाख लागतात, पण तो स्वतः काही कमावत नसल्याने त्याचे मूल्य उणे 5 लाख धरले आहे. हाताशी एकूण 110 लाख आहेत आणि त्यांत बसतील असे, एकूण मूल्य सर्वाधिक देणारे प्रस्ताव निवडायचे आहेत. प्रत्येक प्रस्तावाला एक बायनरी चल द्यावा: फर्नेससाठी f, वाळूसाठी v, सीएनसीसाठी c आणि ट्रान्सफॉर्मरसाठी t. प्रस्ताव घेतला तर चलाची किंमत 1, नाही तर 0.

सर्वांत जास्त वेळा होणारी चूक दिशेची आहे. ‘फर्नेस घेतली तर ट्रान्सफॉर्मर हवाच’ हे वाक्य ऐकून अनेक जण ट्रान्सफॉर्मरला आधी मांडतात आणि `t <= f` असे लिहितात. या असमानतेचा अर्थ मात्र ‘ट्रान्सफॉर्मर घेतला तर फर्नेस घ्यावीच लागेल’ असा होतो, आणि मूळ अटीतील मुख्य बंधन, म्हणजे ट्रान्सफॉर्मरशिवाय फर्नेस नको, हे त्यात राहतच नाही. योग्य मांडणी अशी:

```
f <= t
```

चुकीच्या दिशेने सोडवल्यास उत्तर ‘फर्नेस आणि सीएनसी’ असे येते: खर्च 105 लाख, मूल्य 64 लाख. ट्रान्सफॉर्मर तोट्याचा असल्याने गणित त्याला कधीच निवडत नाही. योग्य दिशेने सोडवल्यास फर्नेस, ट्रान्सफॉर्मर आणि वाळू संयंत्र निवडले जाते; खर्च बरोबर 110 लाख आणि मूल्य 49 लाख. चूक ओळखण्याची माझी पहिली पद्धत अशी, की ती अट काढून गणित पुन्हा सोडवावे. येथे अट काढली तरी उत्तर 64 लाखच येते, म्हणजे लिहिलेली असमानता काहीही अडवत नव्हती. योग्य लिहिलेली अटही कधी कधी निष्क्रिय असू शकते, म्हणून हा पुरावा नव्हे, इशारा आहे. पक्की खात्री चार जोड्या तपासूनच होते: (f, t) च्या (0,0), (0,1), (1,0), (1,1) या जोड्यांपैकी फक्त (1,0) बाद झाली पाहिजे.

याच तपासणीत `f = t` ही मांडणीही पकडली जाते, कारण ती (0,1) लाही बाद करते. ‘ट्रान्सफॉर्मर नसेल तर फर्नेस नाही’ असे वाक्य आले, तर त्यासाठी वेगळी असमानता लिहू नये. `1 - t <= 1 - f` सोडवले की `f <= t` हेच मिळते.

आता अधिक फसवी अट पाहू. ‘फर्नेस आणि सीएनसी घेतले तर ट्रान्सफॉर्मर लागेल’ असे वाक्य मालकांच्या बोलण्यात सहज येते, परंतु मराठीत या ‘आणि’चे दोन अर्थ निघतात. दोन्हींपैकी कोणतेही एक घेतले तरी ट्रान्सफॉर्मर लागतो, असा एक अर्थ. सध्याचा मंजूर वीजभार एकट्या यंत्राला पुरतो, पण दोन्ही एकत्र चालवल्यास पुरत नाही, हा दुसरा. ‘नुसती फर्नेस घेतली तर काय? नुसते सीएनसी घेतले तर काय?’ हे विचारल्याखेरीज लेखणी उचलू नये. पहिल्या अर्थाला दोन असमानता लागतात, दुसऱ्याला एकच पुरते:

```
f <= t,  c <= t      (कोणतेही एक)
f + c - 1 <= t       (दोन्ही एकत्र)
```

पहिल्या अर्थाने उत्तर पूर्वीचेच, 49 लाख, येते. दुसऱ्या अर्थाने ट्रान्सफॉर्मर न घेता फर्नेस आणि वाळू संयंत्र घेता येते आणि मूल्य 54 लाख होते. पाच लाखांचा हा फरक केवळ एका शब्दाच्या अर्थाचा आहे.

पहिला अर्थ ‘आटोपशीर’ करण्यासाठी `f + c <= t` लिहिले जाते, आणि ही चूक मला सर्वांत घातक वाटते. t जास्तीत जास्त 1 असल्याने फर्नेस आणि सीएनसी एकत्र घेणेच निषिद्ध ठरते, जे कोणी सांगितलेले नसते. 110 लाखांत ती दिसतच नाही, कारण दोन्ही यंत्रे ट्रान्सफॉर्मरसह 125 लाखांना पडतात. पुढे बँकेने कर्ज वाढवून अंदाजपत्रक 125 लाख झाले, की योग्य मांडणी तिन्ही घेऊन 59 लाख मूल्य देते, तर चुकीची मांडणी 49 लाखांवरच अडून राहते. `f + c <= 2t` लिहिल्यास पूर्णांकांत अर्थ बरोबर राहतो; पण सोडवणूक सुरू होताना सॉल्व्हर चलांना अपूर्णांक होऊ देतो, तेव्हा f = 1, c = 0, t = 0.5 हे उत्तरही त्यात बसते. म्हणजे अर्धा ट्रान्सफॉर्मर घेऊन पूर्ण फर्नेस. दोन स्वतंत्र असमानता तसे होऊ देत नाहीत, त्यामुळे प्रस्ताव शेकड्यांत गेले की त्याच सहसा लवकर सुटतात.