मध्यम ग्राफिक्स कार्डावर रे ट्रेसिंग: खर्च मोजताना या चुका टाळा

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून ८ जीबी मेमरीचे कार्ड आणले की ‘सायबरपंक २०७७’ या गेममध्ये रे ट्रेसिंगचा, म्हणजे प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून सावल्या व प्रतिबिंबे काढण्याचा, एकेक पर्याय सुरू करायचा आणि सेकंदाला मिळणाऱ्या फ्रेम्स, म्हणजे चित्रे, किती घटली ते पाहायचे, ही सर्वांची सवय. त्यातून चुकीचाच पर्याय बंद होतो.

पहिली चूक म्हणजे घट फ्रेम्समध्ये मोजणे. ९० फ्रेम्सचे ६० झाले तर ३० गेले आणि ६० चे ४५ झाले तर १५, असे दिसते; पण प्रत्येक चित्राला लागणारा जादा वेळ दोन्हीकडे साधारण ५.६ मिलिसेकंदच आहे. म्हणून हिशेब मिलिसेकंदांत ठेवावा: १००० भागिले सेकंदाच्या फ्रेम्स.

दुसरी चूक अधिक फसवी आहे. किरण कशाला आदळतो हे शोधण्यासाठी गेमला संपूर्ण दृश्याची बीव्हीएच नावाची रचना उभारावी व सतत अद्ययावत ठेवावी लागते, आणि हा सामाईक खर्च जो परिणाम आधी सुरू कराल त्याच्या नावावर पडतो. त्यामुळे सावल्या आधी सुरू केल्या तर सावल्या महाग वाटतात, प्रतिबिंबे आधी केली तर प्रतिबिंबे. उपाय सोपा आहे: सर्व परिणाम सुरू ठेवून एका वेळी एकच बंद करावा, वाचलेला वेळ लिहावा आणि तो पुन्हा सुरू करून पुढच्याकडे वळावे. समजा, सर्व सुरू असताना ४० फ्रेम्स, म्हणजे २५ मिलिसेकंद लागतात आणि स्थानिक दिव्यांच्या सावल्या बंद केल्यावर ४४ फ्रेम्स मिळतात. तर त्या सावल्यांची खरी किंमत सुमारे २.३ मिलिसेकंद आहे.

मोजताना फ्रेम्सना पडद्याच्या गतीशी बांधणारे व्ही-सिंक आणि मधे कृत्रिम फ्रेम्स घालणारे फ्रेम जनरेशन बंद असावे. कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या खाली असेल, तर बहुधा प्रोसेसर अडवतो आहे आणि महागडा परिणामही फुकट भासेल. मुंबईच्या मे महिन्यात, बंद खोलीत, कार्ड चांगले तापल्यावरच आकडे घ्यावेत.

काय ठेवावे? माझ्या मते प्रतिबिंबे आधी. साधी पद्धत पडद्यावर दिसणाऱ्या वस्तूंचेच प्रतिबिंब दाखवू शकते, म्हणून कॅमेरा खाली वळवताच ओल्या रस्त्यावरच्या निऑन पाट्या विरून जातात. किरणांनी त्या टिकतात. वेळ उरला तर प्रकाशाचा पर्याय ‘मीडियम’वर ठेवावा. रात्रीच्या रस्त्यांवर सूर्याच्या सावल्यांचा उपयोग नाही. प्रकाशाची सर्वात वरची ‘सायको’ पातळी आणि जवळपास सगळा प्रकाश किरणांनीच मोजणारे पाथ ट्रेसिंग या कार्डासाठी नाहीत.

सरासरी बरी असूनही वळणावर झटके बसत असतील, तर बीव्हीएचने मेमरी भरली असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी परिणाम बंद करण्याआधी टेक्स्चर एक पायरी खाली आणून गेम पुन्हा सुरू करावा. १०८०पीवर, लहान चित्र काढून ते मोठे करणारे डीएलएसएस ‘क्वालिटी’च्या खाली मात्र नेऊ नये: ‘परफॉर्मन्स’मध्ये मूळ चित्र ५४०पीचेच असते, किरणही तितकेच कमी पडतात आणि ज्या प्रतिबिंबांसाठी एवढा वेळ मोजला, तीच उकळत्या पाण्यासारखी थरथरू लागतात.